शिक्षक, स्त्री, डॉक्टर : व्हेन आकृती दर वेळी चुकते, ती नेमकी कुठे?

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते आणि संध्याकाळी घरीच चार-सहा मुलांना स्पर्धा परीक्षांचं रीझनिंग शिकवते. त्यात माझी भाचीही आहे. गेल्या महिन्यात ती सराव परीक्षेचा निकाल घेऊन आली. बाकी सगळं बरं होतं, पण व्हेन आकृतीचे, म्हणजे तीन गटांचं नातं वर्तुळांनी दाखवण्याचे, पाच प्रश्न होते आणि त्यातले चार चुकले होते. म्हणाली, "मावशी, उत्तर पाहिलं की लगेच पटतं. परीक्षेत मात्र दर वेळी दुसरीच आकृती निवडते." ही तक्रार मी इतक्या मुलांकडून ऐकली आहे की आता सविस्तर लिहूनच ठेवते. सराव कमी पडतो म्हणून हे होत नाही. ठरावीक दोन-तीन ठिकाणी विचार घसरतो, आणि कुठे घसरला हे तुम्ही निवडलेल्या चुकीच्या पर्यायावरून कळतं.

प्रश्न असा होता : शिक्षक, स्त्री आणि डॉक्टर यांचं नातं कोणती आकृती दाखवते? पर्याय चार. पहिल्यात तिन्ही वर्तुळं एकमेकांना छेदतात. दुसऱ्यात मधलं वर्तुळ दोन्ही बाजूंच्या वर्तुळांना छेदतं, पण ती दोन एकमेकांपासून लांब आहेत. तिसऱ्यात एका मोठ्या वर्तुळाच्या पोटात दोन सुटी छोटी वर्तुळं. चौथ्यात तिन्ही सुटी.

भाचीने चौथा निवडला होता. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "शिक्षक म्हणजे पुरुष ना? बाई असती तर शिक्षिका लिहिलं असतं." तिने सहज सांगितलं, पण सगळा घोटाळा त्या एका वाक्यात आहे.

पहिली घसरण : शब्दाचं लिंग

आपण मराठीत विचार करतो, पेपर हिंदीत वाचतो, आणि दोन्ही भाषांत माणसांच्या नावांना लिंग असतं. शिक्षक-शिक्षिका, गायक-गायिका, लेखक-लेखिका. 'तो शिक्षक' म्हणायची जिभेला इतकी सवय असते की 'शिक्षक' वाचलं की डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो. पुरुष उभा राहिला की स्त्रीच्या वर्तुळाशी त्याचा संबंध तुटतो. 'डॉक्टर' शब्दाचं वेगळं स्त्रीलिंगी रूप मराठीत फारसं वापरत नाहीत, म्हणून तिथे ही चूक कमी होते. भाचीने तरी डॉक्टरही वेगळं ठेवलं, कारण एक वर्तुळ सुटं काढलं की बाकीची सुटी काढायचा मोह होतो.

अशा प्रश्नात 'शिक्षक', 'वकील', 'खेळाडू', 'विद्यार्थी' हे शब्द काम सांगतात, लिंग नाही. शाळेच्या दारावर 'शिक्षक कक्ष' लिहिलेलं असतं. आत बाईही बसतात आणि सरही बसतात. प्रश्नातला 'शिक्षक' हा त्या पाटीवरचा 'शिक्षक' समजायचा.

याच्या उलट चूकही होते. आमच्याकडे एक मुलगा येतो. त्याच्या शाळेत पहिलीपासून आठवीपर्यंत सगळ्या बाईच शिकवायला होत्या. त्याने शिक्षकाचं वर्तुळ पूर्णच्या पूर्ण स्त्रीच्या पोटात टाकलं. तिसऱ्या पर्यायाचं आकर्षण बहुतेक अशाच अनुभवातून येतं. आपण पाहिलेले शिक्षक म्हणजे सगळे शिक्षक नव्हेत. प्रश्न त्या गटात बसू शकणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल असतो.

दुसरी घसरण : एक माणूस, एक नोकरी

दुसरा पर्याय निवडणारे सर्वांत जास्त असतात, आणि ती मुलं बाकी प्रश्नांत हुशार असतात. त्यांचा विचार असा : स्त्री शिक्षक असते, स्त्री डॉक्टर असते, पण शिक्षक तो शिक्षक आणि डॉक्टर तो डॉक्टर. म्हणून स्त्री मध्ये, आणि दोन व्यवसाय दोन बाजूंना सुटे.

त्यांना मी इथल्या एम. वाय. हॉस्पिटलला लागून असलेल्या एम.जी.एम. मेडिकल कॉलेजकडे पाहायला सांगते. तिथे शल्यचिकित्सा शिकवणारे प्राध्यापक सकाळी रुग्ण तपासतात आणि नंतर वर्गात शिकवतात. ते डॉक्टर आहेत आणि शिक्षकही आहेत. तिथलीच प्रसूतिशास्त्राची प्राध्यापिका स्त्री आहे, डॉक्टर आहे आणि शिक्षकही आहे. म्हणजे तिन्ही वर्तुळं जिथे एकत्र येतात तो मधला खण रिकामा नाही.

पण मेडिकल कॉलेजातले सगळेच शिक्षक डॉक्टर असतात असंही नाही. शरीररचना किंवा जीवरसायन हे विषय शिकवणाऱ्यांत काही जण एम.एस्सी. करून आलेले असतात, ते रुग्ण तपासत नाहीत. म्हणून तिथेही एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात जात नाही, फक्त छेदतं.

'डॉक्टर' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'शिकवणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. डॉक्टर म्हणजे आधी शिकवणाराच होता. मात्र उत्तराचं कारण म्हणून हे वापरू नका, आणि पीएच.डी. वालेही डॉक्टर, अशी पळवाटही काढू नका. प्रश्नातला डॉक्टर म्हणजे वैद्यकाचा डॉक्टर. त्या अर्थानेही पहिला पर्याय टिकतो.

मग करायचं काय

पर्यायांकडे आधी पाहायचं नाही, एवढी एक शिस्त लावून घ्या. पर्याय आधी पाहिले की मन त्यातल्या एकाची बाजू घेतं आणि नंतर त्याच्यासाठी कारणं शोधत बसतं.

कच्च्या कागदावर तीन वर्तुळं काढा, तिन्ही एकमेकांना छेदणारी. प्रश्न कोणताही असो, सुरुवात याच आकृतीने. वर्तुळांच्या आत सात खण तयार होतात : एकेका गटाचे तीन, दोन-दोन गटांचे तीन, आणि मधोमध तिन्हींचा एक. बाहेरचा, म्हणजे यातलं काहीच नसलेल्यांचा, आठवा. आठव्याचं या प्रश्नांत काम पडत नाही.

आता प्रत्येक खणात एक माणूस उभा करायचा. खरा माणूस मिळाला तर फारच चांगलं, कारण खऱ्या माणसाबद्दल शंका उरत नाही. आमच्या घरी त्या संध्याकाळी असे भरले : फक्त स्त्री, शिक्षक नाही, डॉक्टर नाही, तर अहिल्याबाई होळकर. स्त्री आणि शिक्षक, पण डॉक्टर नाही, तर सावित्रीबाई फुले. स्त्री आणि डॉक्टर, पण शिक्षक नाही, तर 1886 साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी. फक्त शिक्षक, तर अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी. फक्त डॉक्टर, तर आमच्या कोपऱ्यावर दवाखाना चालवणारे डॉक्टर काका. डॉक्टर आणि शिक्षक, पण स्त्री नाही, तर एम.जी.एम. मधले ते शल्यचिकित्सेचे प्राध्यापक. मधल्या खणात प्रसूतिशास्त्राची प्राध्यापिका.

सातही खण भरले, म्हणून रिकाम्या खणावर मारतात ती फुली एकावरही नाही. आता पर्याय पाहा. सातही खण असलेली आकृती एकच आहे, पहिली.

साने गुरुजींचं नाव आल्याबरोबर भाची म्हणाली, "म्हणजे शिक्षकाचं वर्तुळ स्त्रीच्या बाहेरही जातं आणि आतही." तिने आधीच्या उत्तरात शिक्षकाला पुरुष म्हणून बाहेर ठेवलं होतं. सावित्रीबाई आत आल्या तेव्हा ते मोडलं, आणि त्या दुसऱ्या मुलाने सगळ्या शिक्षकांना आत टाकलं होतं, ते साने गुरुजींमुळे मोडलं. नुसतं 'काही शिक्षक स्त्रिया असतात' हे वाक्य पाठ करून घेतलं असतं तर ते पंधरा दिवसांत विसरलं असतं. माणूस खणात उभा राहिला की तो तिथून हलत नाही.

फुली कधी मारायची

एखाद्या खणासाठी माणूस सापडत नाही म्हणजे लगेच तो खण रिकामा असं नाही. कदाचित तुम्हाला आठवत नसेल. फुली मारायची ती तसा माणूस असूच शकत नाही, हे शब्दाच्या अर्थावरूनच ठरत असेल तेव्हा. हा फरक नीट धरून ठेवा, कारण निम्म्या चुका घाईच्या फुलीतून होतात.

उदाहरण घ्या : आई, स्त्री, डॉक्टर. परत सात खण. 'फक्त आई' म्हणजे आई आहे पण स्त्री नाही. अर्थानेच अशक्य, फुली. 'आई आणि डॉक्टर, पण स्त्री नाही', तीही अशक्य, दुसरी फुली. बाकीचे पाच भरतात. लेकरं नसलेली, दुसरा व्यवसाय करणारी बाई फक्त स्त्रीच्या खणात. आनंदीबाईंना मूल झालं होतं, पण ते थोड्याच दिवसांत गेलं, म्हणून त्यांना कुठे ठेवायचं यावर वर्गात वाद झाला. मी सांगितलं, वाद होईल असं माणूस घ्यायचंच नाही, सरळ उदाहरण शोधायचं. मग शेजारच्या गल्लीतल्या दंतवैद्य बाई घेतल्या. त्यांना दोन मुलं आहेत, म्हणून त्या मधल्या खणात. अविवाहित डॉक्टर तरुणी स्त्री-डॉक्टरच्या खणात. गृहिणी असलेली आई स्त्री-आईच्या खणात. डॉक्टर काका फक्त डॉक्टरच्या खणात.

आता फुल्या मारलेले खण मिटवून आकृती पुन्हा काढा. आईचं वर्तुळ पूर्णपणे स्त्रीच्या पोटात जातं, आणि डॉक्टरचं वर्तुळ त्या दोघींना छेदून बाहेरही पसरतं. इथे एक फसवा पर्याय हमखास ठेवलेला असतो : आई स्त्रीच्या पोटात, डॉक्टर स्त्रीला छेदतो, पण आईच्या वर्तुळापर्यंत पोहोचतच नाही. डोळ्यांना ती आकृती नीटनेटकी वाटते आणि मुलं तिथेच थांबतात. त्या आकृतीत दोन मुलं असलेल्या दंतवैद्य बाईंना उभं राहायला जागाच नाही. तुमच्याकडे माणूस आहे आणि आकृतीत त्याचा खण नाही, म्हणजे आकृती चूक.

उलट तपासही करावा. आकृतीत खण आहे, पण त्यात उभा करायला माणूस अशक्य, तरीही आकृती चूक. आई-स्त्री-डॉक्टरला तिन्ही छेदणारी वर्तुळं निवडली, तर स्त्री नसलेल्या आईचा खण उरतो. म्हणून तीही बाद.

खण मोजून झटपट छाटणी करता येते. सगळी छेदलेली आकृती सात खणांची, मोठ्याच्या पोटात दोन सुटी वर्तुळं असतील तर तीन, तिन्ही सुटी असतील तरी तीन. मात्र नुसत्या मोजणीवर विसंबू नका. आई-स्त्री-डॉक्टरचे पाच खण होतात, आणि स्त्रीच्या दोन बाजूंना दोन सुटे व्यवसाय असलेल्या आकृतीचेही पाचच. आकडा तोच, फुल्या वेगळ्या ठिकाणी. पहिल्यात फुल्या स्त्रीबाहेरच्या आईवर, दुसऱ्यात शिक्षक आणि डॉक्टर एकत्र आलेल्या दोन खणांवर. आकडा जुळला की फुली कुठे आहे ते पाहायचं.

ज्याला आपण सरसकट व्हेन आकृती म्हणतो, तिच्यात खरं तर दोन माणसांचं काम मिसळलेलं आहे. वर्तुळ वर्तुळाच्या पोटात किंवा लांब काढून नातं दाखवण्याची रीत गणितज्ञ ऑयलरची, 1768 साली छापलेल्या त्याच्या पत्रांतून ती लोकांपर्यंत गेली. तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेनने 1880 साली सुचवलं की आधी सगळे शक्य खण काढावेत आणि रिकाम्या खणांना छायांकित करावं. परीक्षेतले पर्याय ऑयलरच्या रीतीचे असतात. आपण कच्च्या कागदावर फुल्या मारतो ती व्हेनची रीत. हे मला कळलं तेव्हा शिकवायचा क्रम सापडला : आधी व्हेनसारखं सगळं काढून खोडायचं, मग ऑयलरच्या आकृत्यांत त्याचं रूप ओळखायचं. मुलं थेट ऑयलरचं चित्र मनात काढायला जातात, म्हणून एखादा खण नजरेतून सुटतो.

उत्तरपत्रिका वेगळं म्हणते तेव्हा

शिक्षक आणि डॉक्टर या जोडीवर काही सराव पुस्तकांत दुसरा पर्यायच उत्तर म्हणून दिलेला असतो, म्हणजे दोन व्यवसाय सुटे. मुलं यावरून फार घाबरतात. माझं मत सांगते. चार पर्यायांत तिन्ही छेदलेली आकृती असेल तर तीच निवडावी, कारण मधल्या खणातल्या प्राध्यापिकेला कोणी खोटं ठरवू शकत नाही. ती आकृती पर्यायांत नसेल आणि दोन सुट्या व्यवसायांची असेल, तर प्रश्न काढणाऱ्याने एक माणूस एक व्यवसाय धरला आहे असं समजून तीच घ्यावी. प्रश्नात 'प्राथमिक शिक्षक' असं नेमकं लिहिलं असेल तर परत विचार करा, पण एम.बी.बी.एस. होऊन प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्याला मनाई कुठेच नाही. विरळ असणं वेगळं, अशक्य असणं वेगळं, आणि फुली फक्त अशक्यालाच.

परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची लागते आणि हरकत घेता येते. हरकतीत 'माझ्या मते' लिहून उपयोग होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक हे डॉक्टरही असतात आणि शिक्षकही, एवढं एक वाक्य आणि त्यासोबत एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अध्यापकांची पदव्यांसह यादी जोडावी. वादाचा खण भरलेला आहे, एवढं दाखवणं पुरे.

लिंग खरोखरच शब्दात असेल तेव्हा

पहिल्या घसरणीची दुसरी बाजू राहिली. काही शब्दांत लिंग पक्कं असतं आणि तिथे ते मानावंच लागतं : आई, बहीण, गृहिणी, विधवा, शिक्षिका. प्रश्नात 'शिक्षिका, स्त्री, डॉक्टर' असेल तर शिक्षिका पूर्णपणे स्त्रीच्या पोटात, आणि आकृती आई-स्त्री-डॉक्टरसारखीच. एका अक्षराने उत्तर बदलतं.

खरा त्रास 'नर्स'चा. इंग्रजीतून आलेला हा शब्द काम सांगतो, आणि पुरुष नर्स असतातच, इथल्या सरकारी रुग्णालयांतही दिसतात. 'नर्स' आणि 'स्त्री' छेदतात. पण भाषांतरात 'परिचारिका' आलं की तो शब्द स्त्रीलिंगी, आणि वर्तुळ स्त्रीच्या पोटात गेल्यासारखं वाटतं. दोन भाषांतल्या पेपरात असा फरक दिसला तर सूचनांच्या पानावर कोणत्या भाषेतला मजकूर ग्राह्य धरणार ते लिहिलेलं असतं. ते आधीच वाचून ठेवा आणि प्रश्न त्या भाषेत एकदा पाहा.

परवा भाचीला मी शाळेच्या पुस्तकात नसलेला प्रश्न घातला : इंदूरचे रहिवासी, मध्य प्रदेशचे रहिवासी, मराठी बोलणारे. तिने सात खण काढले. इंदूरचा पण मध्य प्रदेशचा नाही, अशा दोन खणांवर तिने फुल्या मारल्या. मग भरत गेली : आपण स्वतः मधल्या खणात, माळवी बोलणारा शेजारी इंदूर आणि मध्य प्रदेशच्या खणात, ग्वाल्हेरची आत्या मध्य प्रदेश आणि मराठीच्या खणात, भोपाळची हिंदी बोलणारी मैत्रीण फक्त मध्य प्रदेशच्या खणात, पुण्याचा मामा फक्त मराठीच्या खणात. पाच खण. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "ही तर आई-स्त्री-डॉक्टरचीच आकृती आहे. इंदूर आई, मध्य प्रदेश स्त्री, आणि मराठी डॉक्टर."